दोन्ही फोन असलेल्यांचं काय करायचं? दुहेरी फ्रेमचा टेलिफोन सर्व्हे, पायरीपायरीने

समजा एका प्रदेशात १० लाख प्रौढ आहेत आणि त्यांपैकी किती जण भाड्याच्या घरात राहतात, हे तुम्हाला फोनवरून शोधायचं आहे. काहींच्या घरी फक्त लँडलाइन आहे, काहींकडे फक्त मोबाइल आहे, बऱ्याच जणांकडे दोन्ही आहेत आणि थोड्यांकडे काहीच नाही. तुम्ही लँडलाइन नंबरांतून एक नमुना काढता, मोबाइल नंबरांतून दुसरा काढता, १००० मुलाखती पूर्ण करता आणि टक्केवारी काढता. ही टक्केवारी चुकीची येते. मुलाखती अगदी नीट झाल्या असल्या तरी चुकते, आणि त्यामागे बहुतेक वेळा दोन्ही फोन असलेली माणसं असतात. या लेखात मुख्यतः त्यांचाच हिशेब आहे. पण त्याआधी नंबर कुठून येतात ते पाहावं लागेल, कारण अर्धी चूक तिथेच जन्माला येते.

नंबर तयार करणं

फ्रेम म्हणजे ज्या यादीतून नमुना काढायचा ती यादी. टेलिफोन डिरेक्टरी ही सगळ्यात सोपी फ्रेम, पण नंबर छापू न देणारे आणि नव्याने राहायला आलेले लोक तिच्यात नसतात. म्हणून यादीतली नावं सोडून नंबरच यादृच्छिकपणे तयार करायचे, ही रँडम डिजिट डायलिंग म्हणजे आरडीडीची कल्पना. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेत वाढली. तिथल्या दहा आकडी नंबरात पहिले तीन आकडे एरिया कोडचे, पुढचे तीन एक्स्चेंजचे आणि शेवटचे चार ग्राहकाचे. एक्स्चेंज चालू आहे हे माहीत असेल तर शेवटचे चार आकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडता येतात.

अडचण अशी की असे बहुतेक नंबर वाया जातात. १९७० च्या दशकात साधारण पाचातला एक नंबर घरगुती निघत असे. उरलेले बंद तरी असत, नाहीतर ऑफिसांचे. वॉरन मिटॉफ्स्की यांनी एक युक्ती काढली आणि जोसेफ वॅक्सबर्ग यांनी १९७८ मध्ये तिचं गणित मांडलं. घरगुती नंबर एकमेकांच्या शेजारी असतात, हा त्या युक्तीचा आधार. पहिले आठ आकडे सारखे असलेल्या १०० नंबरांच्या गटाला बँक म्हणतात. बँकेतला एक नंबर फिरवायचा. घर लागलं तर ती बँक ठेवायची आणि तिच्यात ठरलेल्या संख्येइतकी घरं मिळेपर्यंत फोन करत राहायचं. घर लागलं नाही तर ती बँक सोडून द्यायची. यामुळे घरगुती नंबरांचं प्रमाण तिपटीच्या आसपास गेलं. मात्र एका बँकेतलं काम संपल्याशिवाय पुढचं ठरवता येत नसे, त्यामुळे कॉलरूम चालवणाऱ्यांचे हाल होत.

म्हणून १९९० च्या दशकात सोपा मार्ग रुळला. ज्या बँकेतला निदान एक घरगुती नंबर डिरेक्टरीत छापलेला आहे, अशाच बँका घ्यायच्या आणि त्यांच्यातून सरळ यादृच्छिक नंबर काढायचे. एकही नंबर न छापलेल्या बँकांतली घरं यात सुटतात. सुरुवातीला ती तीन-चार टक्केच असल्याचं दिसलं, म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही. पुढे डिरेक्टरीत नंबर देणंच कमी झालं आणि ही गळती वाढत गेली. आज कोणी लँडलाइनचा नमुना विकत देत असेल तर ‘कुठल्या बँका वगळल्या?’ हा प्रश्न आधी विचारा.

मोबाइलचं तंत्र याहून साधं आहे, कारण तिथे डिरेक्टरीच नाही. मोबाइल सेवेला दिलेले १०००-१००० नंबरांचे ठोकळे घ्यायचे आणि त्यांतून नंबर काढायचे. पण तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावं लागतं.

पहिली गोष्ट, एरिया कोडवरून माणूस कुठे राहतो ते कळत नाही. माणूस दुसऱ्या राज्यात जातो तेव्हा नंबर सोबत घेऊन जातो. एका राज्याचाच सर्व्हे असेल तर बाहेरचा नंबर घेऊन इथे राहणारा माणूस तुमच्या फ्रेममध्ये येतच नाही, आणि इथला नंबर घेऊन बाहेर गेलेल्यावर मात्र तुमचे कॉल खर्च होतात. दुसऱ्या माणसाला ‘तुम्ही सध्या कुठे राहता?’ असं विचारून वगळता येतं. पहिला कायमचा सुटतो. अमेरिकेतल्या राज्यनिहाय आरोग्य सर्व्हेत, म्हणजे बीआरएफएसएसमध्ये, यावर चांगला तोडगा आहे. बाहेरच्या राज्यात राहणारा माणूस लागला तर त्याची मुलाखत घेऊन ती त्याच्या राज्याकडे सोपवतात. तुमचा सर्व्हे एकटा असेल तर ही सोय नसते, आणि हा दोष अहवालात लिहून ठेवावा लागतो.

दुसरी गोष्ट, लँडलाइनचा नंबर मोबाइलवर नेता येतो. असा नंबर लँडलाइनच्या बँकेत दिसतो, पण वाजतो खिशात. अमेरिकेत हा कायद्याचाही मुद्दा होता. १९९१ च्या टीसीपीए कायद्याने संमतीशिवाय मोबाइलवर ऑटोडायलरने फोन करायला मनाई केली, त्यामुळे वर्षानुवर्षं मोबाइल नंबर हाताने फिरवले गेले. म्हणून लँडलाइनचा नमुना फोन सुरू करण्याआधी मोबाइलवर गेलेल्या नंबरांच्या यादीशी ताडून पाहायचा.

तिसरी गोष्ट, लँडलाइन घराची असते आणि मोबाइल माणसाचा. लँडलाइनवर घर लागलं की त्या घरातला एक प्रौढ निवडावा लागतो; ‘ज्यांचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला त्यांना फोन द्या’ ही चालू पद्धत. चार प्रौढांच्या घरातल्या एकाच्या वाट्याला एकट्या राहणाऱ्याच्या तुलनेत पाव संधी येते, म्हणून त्याचा भार, म्हणजे त्याचं उत्तर किती माणसांच्या वतीने मोजायचं तो आकडा, चौपट. घरात दोन लाइन असतील तर संधी दुप्पट, म्हणून भार निम्मा. मोबाइलवर जो उचलेल तोच प्रतिसादक. तो अल्पवयीन असेल तर आभार मानून फोन ठेवायचा, गाडी चालवत असेल तर नंतर करायचा. त्याच्याकडे स्वतःचे दोन मोबाइल असतील तर भार निम्मा. थोडक्यात, लँडलाइनवर घरात किती प्रौढ आणि किती लाइन, मोबाइलवर किती मोबाइल, हे विचारायला विसरलात तर नंतर ते कुठूनच मिळत नाही.

ज्या प्रश्नावर सगळं अवलंबून आहे

आता दोन्ही फ्रेममध्ये असलेल्यांकडे येऊ. अशा माणसाला तुमच्यापर्यंत पोहोचायला दोन दारं आहेत. ‘फक्त मोबाइल’वाल्याला एकच. म्हणून प्रत्येक मुलाखतीत दुसऱ्या फोनबद्दल विचारावंच लागतं: लँडलाइनवर मोबाइलबद्दल, मोबाइलवर लँडलाइनबद्दल.

प्रश्न साधा वाटतो, पण ‘तुमच्या घरी लँडलाइन आहे का?’ असं विचारलं की गडबड होते. माझ्या हाताखालच्या एका सर्व्हेत इंटरनेटसाठी घेतलेली लाइन, ड्रॉवरमध्ये पडलेला हँडसेट, एकाच्या बाबतीत तर दुकानातला फोन, हे सगळं ‘हो’मध्ये जमा झालं होतं. म्हणून प्रश्नात तीन गोष्टी याव्यात: घर, चालू स्थिती आणि बोलण्यासाठी वापर. उदाहरणार्थ, ‘तुमच्या राहत्या घरात बोलण्यासाठी वापरता येईल असा, सध्या चालू असलेला, मोबाइल सोडून दुसरा फोन आहे का?’ आणि दोन्ही असतील तर लगेच पुढचा प्रश्न: ‘घरी येणारे बहुतेक फोन कशावर घेतले जातात? जवळजवळ सगळे मोबाइलवर, काही यावर काही त्यावर, की मोबाइलवर फारच थोडे?’ हा दुसरा प्रश्न बरेच जण वेळ वाचवायला गाळतात. त्याची किंमत काय पडते ते पुढे आकड्यांत दिसेल.

‘दोन्हीवाल्यांचा त्रासच नको’ म्हणून एक पळवाट काढली जाते. मोबाइलवर लागलेल्या माणसाकडे लँडलाइनही असेल तर मुलाखत न घेता सोडून द्यायचं. तो लँडलाइनच्या नमुन्यात मिळेलच, असं धरायचं. याला स्क्रीनिंग डिझाइन म्हणतात. लँडलाइनवर मुलाखत स्वस्त पडत होती तेव्हा हे परवडत होतं. पण लँडलाइन घरात असूनही तिच्यावरचा फोन कधीच न उचलणारे लोक वाढले आणि ही माणसं दोन्हीकडून सुटू लागली: मोबाइलवर तुम्ही त्यांना सोडलं, लँडलाइनवर ते सापडत नाहीत. आता स्क्रीनिंग करायला सबळ कारण दिसत नाही. सगळ्यांची मुलाखत घ्या आणि ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही फ्रेममध्ये येणाऱ्यांचा प्रश्न, भारांमध्ये सोडवा.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

आपल्या काल्पनिक प्रदेशात घरोघरी जाऊन केलेल्या एका विश्वसनीय सर्व्हेवरून फोनची विभागणी कळलेली आहे, असं धरू: फक्त लँडलाइन ५ टक्के, दोन्ही ३७ टक्के, फक्त मोबाइल ५५ टक्के, काहीच नाही ३ टक्के. अमेरिकेत असे आकडे नॅशनल हेल्थ इंटरव्ह्यू सर्व्हेमधून नियमित मिळतात, म्हणून तिथल्या टेलिफोन सर्व्हेंचा पाया म्हणजे प्रत्यक्ष भेटीचा सर्व्हे, अशी गंमत आहे. फक्त मोबाइल असलेली घरं तिथे २०१६ च्या उत्तरार्धात पहिल्यांदा निम्म्याच्या पुढे गेली.

आपण ४०० मुलाखती लँडलाइनवर आणि ६०० मोबाइलवर केल्या. घरातल्या प्रौढांचे आणि लाइनींचे भार समजायला सोपं जावं म्हणून बाजूला ठेवू. हाती आलं ते असं:

| गट | मुलाखती | भाड्याने राहणारे | टक्के |
|---|---|---|---|
| फक्त लँडलाइन | ७२ | १८ | २५ |
| दोन्ही, लँडलाइनवर लागलेले | ३२८ | ४१ | १२.५ |
| दोन्ही, मोबाइलवर लागलेले | १८० | ४५ | २५ |
| फक्त मोबाइल | ४२० | २१० | ५० |

सगळं एकत्र करून भागाकार केला तर ३१.४ टक्के येतात. फक्त लँडलाइनचा नमुना घेतला असता तर ५९ भागिले ४००, म्हणजे १५ टक्क्यांच्याही आत. भाडेकरू तरुण असतात, वारंवार घर बदलतात आणि लँडलाइन घेत नाहीत, म्हणून ही तफावत. वयानुसार भार लावले की ती भरून निघेल, असं वाटतं. पण अमेरिकेतल्या पाहण्यांत फक्त मोबाइल असलेले प्रौढ धूम्रपान, अतिमद्यपान आणि आरोग्य विमा नसणं यांबाबत लँडलाइनवाल्यांपेक्षा वेगळे दिसले, आणि विशेषतः तरुण व कमी उत्पन्नाच्या गटांत लोकसंख्येनुसार भार लावूनही ही उणीव पूर्ण भरली नाही.

भार लावण्याआधी एक तपासणी करा. लँडलाइन फ्रेममध्ये ५ आणि ३७ मिळून ४२ टक्के लोक आहेत, म्हणजे तिथे दोन्हीवाले ८८ टक्के असायला हवेत. आपल्याला मिळाले ८२. मोबाइल फ्रेममध्ये ते ९२ पैकी ३७, म्हणजे ४० टक्के हवेत, मिळाले ३०. दोन्ही बाजूंनी दोन्हीवाले कमी पडले. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोन फोन असलेला माणूस प्रत्येक फोनवर अर्धामुर्धाच हजर असतो, तर एकच फोन असलेला त्यावर पूर्ण अवलंबून असतो. बाहेरचे आकडे न घेता स्वतःच्याच नमुन्यावरून ओव्हरलॅप मोजलात तर तो लहान दिसणार, आणि एक-फोनवाले जास्त मोजले जाणार.

आता जोडणी करू. एच. ओ. हार्टली यांनी १९६२ मध्ये दोन फ्रेमचा अंदाज असा मांडला:

```
Y = Y_L + λ·Y_LM(L) + (1 − λ)·Y_LM(M) + Y_M
```

`Y_L` हा फक्त लँडलाइनवाल्यांचा अंदाज, `Y_M` फक्त मोबाइलवाल्यांचा. `Y_LM(L)` आणि `Y_LM(M)` हे एकाच गटाचे, म्हणजे दोन्हीवाल्यांचे, दोन अंदाज: एक लँडलाइन नमुन्यातला, दुसरा मोबाइल नमुन्यातला. दोन्ही पूर्ण जोडले तर ती माणसं दोनदा मोजली जातात. म्हणून एकाला λ, म्हणजे शून्य ते एकमधला एक हिस्सा, आणि दुसऱ्याला उरलेला हिस्सा.

आकडे भरू. फक्त लँडलाइनचे ५०,००० लोक गुणिले २५ टक्के म्हणजे १२,५०० भाडेकरू. फक्त मोबाइलचे ५,५०,००० गुणिले ५० टक्के म्हणजे २,७५,०००. दोन्हीवाले ३,७०,००० आहेत. त्यांचं प्रमाण १२.५ मानायचं की २५, हे λ ठरवतो. मुलाखतींच्या प्रमाणात λ घेतला, म्हणजे ३२८ भागिले ५०८, तर तो ०.६५ येतो, आणि फोन असलेल्या ९,७०,००० लोकांपैकी ३६.१ टक्के भाडेकरू निघतात. λ अर्धा घेतला तर ३६.८. नुसत्या एकत्र केलेल्या ३१.४ पासून आपण पाच टक्के वर आलो, कारण फक्त मोबाइलवाले नमुन्यात ४२ टक्के होते आणि फोन असलेल्या लोकसंख्येत जवळपास ५७ टक्के आहेत.

पाठ्यपुस्तकातली रीत इथे संपते. पण λ पूर्ण १ घेतला तर उत्तर ३४.४ येतं आणि शून्य घेतला तर ३९.२. जवळपास पाच टक्क्यांचा हा फरक नमुन्याच्या योगायोगाने आलेला नाही. एकाच गटाचे दोन अंदाज १२.५ आणि २५ इतके लांब असतील तर तुम्हाला दोन वेगळ्या प्रकारची माणसं मिळाली आहेत: लँडलाइनवर घरात बसणारी, मोबाइलवर बाहेर फिरणारी. हार्टलींचं सूत्र दोन्ही अंदाज एकाच गोष्टीचे आहेत असं गृहीत धरतं. इथे ते गृहीतक मोडलं. λ कितीही काटेकोर काढला तरी तो फक्त या दोन चुकांची सरासरी काढतो.

इथे तो दुसरा प्रश्न कामाला येतो. समजा बाहेरच्या सर्व्हेवरून माहीत आहे की ३७ टक्क्यांपैकी २२ टक्के ‘मुख्यतः मोबाइल’ आणि १५ टक्के बाकीचे आहेत. आपल्या मुलाखती त्याच प्रश्नाने वेगळ्या केल्या:

| दोन्हीवाले | लँडलाइनवर लागले | मोबाइलवर लागले |
|---|---|---|
| मुख्यतः मोबाइल | १०८ पैकी २४ भाडेकरू | १४४ पैकी ४१ भाडेकरू |
| बाकीचे | २२० पैकी १७ भाडेकरू | ३६ पैकी ४ भाडेकरू |

पहिल्या ओळीत आता २२ आणि २८ टक्के, दुसरीत ८ आणि ११ टक्के. फोन वापरण्याची सवय सारखी केली की दोन दारांनी आलेली माणसं एकमेकांच्या बरीच जवळ आली. प्रत्येक उपगट त्याच्या खऱ्या आकाराला, म्हणजे २,२०,००० आणि १,५०,००० ला बसवला तर λ १ धरून ३५.९ आणि शून्य धरून ३७.८ टक्के मिळतात. पाच टक्क्यांची अनिश्चितता दोन टक्क्यांवर आली, आणि तिच्यासाठी प्रश्नावलीत दहा-पंधरा सेकंद लागले. प्रत्येक उपगटात दोन्ही फोनवरच्या मुलाखती एकत्र करून हा अंदाज ३६.८ येतो, आणि मी तोच आकडा छापायला देईन. उरलेला फरक मात्र मुलाखती वाढवून जाणार नाही. सवय सारखी असूनही फोन कोण उचलतो यात फरक राहतोच.

भारांची किंमतही पाहून ठेवा. उपगट पाडण्याआधीच्या विभागणीत एका ‘फक्त मोबाइल’ मुलाखतीमागे १३१० माणसं येतात, ‘फक्त लँडलाइन’मागे ६९४, ‘दोन्ही’मागे ७२८. असमान भारांमुळे १००० मुलाखतींची ताकद साधारण ९२० मुलाखतींइतकी उरते. हे सुसह्य आहे. घरातले प्रौढ, लाइनी, वय, शिक्षण यांचे भार वर चढले की ती भराभर घसरते, म्हणून मोठ्या घरांचा भार बहुतेक ठिकाणी तीन किंवा चारवर थांबवतात.

राहिलेली तीन टक्के माणसं

फोन नसलेले ३ टक्के लोक कुठल्याही फ्रेममध्ये नाहीत, आणि वरची सगळी उत्तरं फोन असलेल्या ९७ टक्क्यांचीच आहेत. शेवटी १० लाखांवर भार ताणलात की कोणाला तरी त्यांच्या जागी उभं केलंच. एक जुना उपाय असा आहे: ‘गेल्या १२ महिन्यांत आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ तुमचा फोन बंद होता का?’ असं विचारायचं आणि ‘हो’ म्हणणाऱ्यांना थोडा जास्त भार द्यायचा. आज फोन असलेला पण अधूनमधून बंद पडणारा माणूस फोन नसलेल्याच्या जास्त जवळचा असतो.

प्रतिसाद दर दोन्ही फ्रेमचे वेगळे काढा. मोबाइलवर ‘नंबर बंद’, ‘सतत व्हॉइसमेल’, ‘अल्पवयीन’ हे निकाल लँडलाइनपेक्षा वेगळ्या प्रमाणात येतात. एकत्र सरासरीत कुठली फ्रेम ढासळते आहे ते दिसत नाही. दर कमी येणार हे धरूनच चाला: अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या टेलिफोन सर्व्हेंचा दर १९९७ मध्ये ३६ टक्के होता, २०१८ मध्ये ६ टक्के.

लँडलाइन कधी सोडावी

शेवटचा निर्णय पैशांचा वाटतो, पण तोही आकड्यांनी घेता येतो. आपल्या उदाहरणात लँडलाइनचा नमुना पूर्ण काढून टाकला आणि मोबाइलवर लागलेल्या लोकांना उपगटांच्या खऱ्या आकाराला बसवलं तर ३८.५ टक्के येतात. त्यात ‘फक्त लँडलाइन’वाले धरले तर ३७.८ झाले असते. म्हणजे ते ५ टक्के लोक वगळल्याने एका टक्क्याहूनही कमी फरक पडला. ‘फक्त लँडलाइन’चा वाटा एक-दोन टक्क्यांवर आला की बहुतेक विषयांसाठी एकट्या मोबाइल फ्रेमवर भागतं, आणि वाचलेल्या पैशांत मोबाइलच्या मुलाखती वाढवता येतात.

विषय वृद्धांचा असेल तर हा हिशेब पुन्हा करावा लागतो. ज्या ५ टक्क्यांना आपण आत्ता सोडलं ते बहुतेक वयस्कर आहेत. सगळ्या प्रौढांत ५ टक्के असलेला हा गट ७५ च्या पुढच्यांत त्याच्या कितीतरी पट असू शकतो, आणि एकटं राहणं, पडणं, औषधं चुकणं असे प्रश्न विचारायचे असतील तर नेमकी तीच माणसं हवी असतात.